परक्या चुलीवर घरची चव

मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी गेली, की घरून जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये अम्मीचा एक प्रश्न ठरलेला असतो, "आज काय खाल्लंस?" आणि उत्तरही बहुधा ठरलेले असते, "ब्रेड खाल्ला," नाही तर "नूडल्स केले." मग इकडे काळजी सुरू होते. मसाल्याची पाकिटे पाठवायची, लोणची पाठवायची, तुपाचा डबा कुणाच्या तरी सामानात घालायचा, असे बेत आखले जातात. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही हा विषय वारंवार येतो. म्हणून या महिन्याच्या दस्तरखानावर आम्ही नेहमीची पाककृती न मांडता, हा प्रश्न जर्मनीपुरता सविस्तर घेतला आहे. आपल्याकडची बरीच मुले सध्या तिकडे जात आहेत, आणि आमच्या घरोब्यातल्या, चिपळूणजवळच्या एका कुटुंबातली मुलगी आखेन शहरात शिकत असल्यामुळे तिच्या स्वयंपाकाची आम्हाला बारीकसारीक माहिती आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरची चव भारतातून आणलेल्या पाकिटात नसते. ती नीट परतलेल्या कांद्यात, तेल सुटेपर्यंत शिजवलेल्या मसाल्यात, शेवटच्या आंबटपणात आणि वरच्या फोडणीत असते. या चार गोष्टींना लागणारे जवळजवळ सगळे सामान जर्मनीच्या साध्या सुपरमार्केटमध्ये स्वस्त मिळते. फक्त त्याची तिथली नावे ओळखता आली पाहिजेत आणि दहा जणांच्या स्वयंपाकघरात ते केव्हा व कसे करायचे हे ठरवता आले पाहिजे.

खर्चाचा हिशोब

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो बँकेच्या बंद खात्यात दाखवावे लागतात. त्यातून दरमहा ९९२ युरो हाती येतात. खोलीचे भाडे, आरोग्य विमा आणि फोन यांचे पैसे गेले, की जेवणाला हात आखडूनच खर्च करावा लागतो. बाहेर एकदा साधे डोनर खाल्ले तरी सहा-सात युरो जातात. त्याउलट मसूर डाळ, भात आणि वाटीभर भाजी असे घरचे जेवण एक-दीड युरोत बसते. अर्थात डाळ, तांदूळ, कांदे जवळच्या स्वस्त सुपरमार्केटमधून घेतले तरच. हेच सामान भारतीय दुकानातून घेतले तर बरेच महाग पडते, आणि ते दुकान बहुतेक वेळा बसने जाण्याइतके लांब असते.

दुकानात फळीवर वस्तूच्या किमतीखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो. मुलांना तोच भाव बघायची सवय लावा. पाकिटे वेगवेगळ्या वजनांची असल्याने वरच्या मोठ्या आकड्यावरून स्वस्त-महाग कळत नाही. दुसरी गोष्ट, तिकडे रविवारी सुपरमार्केट बंद असतात. म्हणून खरेदी शनिवारी आणि आठवड्याचा मुख्य स्वयंपाक रविवारी, असा क्रम सोयीचा पडतो.

कोणत्या नावाखाली काय मिळते

सर्वांत आधी डाळ. तिथे ‘रोटे लिन्झेन’ म्हणून जे मिळते ती आपली सोललेली मसूर डाळ. ती भिजवावी लागत नाही आणि कुकरशिवाय पंधरा मिनिटांत शिजते. तूरडाळ तिथल्या साध्या पातेल्यात तासभर रेंगाळते, त्यामुळे सामायिक चुलीवर मसूरच बरी. ‘टेलरलिन्झेन’ ही तपकिरी-हिरवट, चपटी, सालासकट मसूर. आपल्या अख्ख्या मसुरीची आमटी तिच्यापासून उत्तम होते. तिला मात्र अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो. डब्यातली शिजवलेली मसूर घेताना मागची यादी वाचावी. तयार ‘लिन्झेन’ सुपांत ‘श्पेक’, म्हणजे डुकराची चरबी, बऱ्याचदा असते.

दुसरे जिरे, आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा फसतो. ‘क्युमेल’ लिहिलेली बरणी जिऱ्यासारखीच दिसते, पण ते जिरे नव्हे. तो आपल्या शहाजिऱ्याच्या वासाचा मसाला आहे, जर्मन लोक तो पावात आणि कोबीत घालतात. त्याची फोडणी डाळीला दिली की डाळ औषधासारखी लागते. आपल्याला हवे ते ‘क्रॉयत्सक्युमेल’. तुर्की दुकानात त्यालाच ‘किम्यॉन’ म्हणतात. ‘श्वार्त्सक्युमेल’ म्हणजे कलौंजी. तिन्ही नावांत ‘क्युमेल’ असल्यामुळे घोटाळा होतो. घेण्यापूर्वी नाव शेवटपर्यंत वाचावे, एवढेच.

हळद ‘कुर्कुमा’ या नावाने मिळते. धणे ‘कोरिआंडर’ या नावाने, बहुधा पूड करूनच. मोहरी ‘झेन्फक्योर्नर’ म्हणून मिळते, पण ती पिवळी आणि टपोरी असते. तडतडते, पण आपल्या काळ्या मोहरीची चव देत नाही. लाल तिखटाचे दोन प्रकार एकत्र करावे लागतात. ‘पाप्रिका एडेलझ्युस’ लालभडक असते पण अजिबात तिखट नसते, ती आपल्या बेडगी मिरचीचे काम करते. ‘चिली’ नावाची पूड तिखट असते. तीन चमचे पहिली आणि एक चमचा दुसरी, असे मिसळून बरणीत भरून ठेवले की रंग आणि तिखटपणा दोन्ही आपल्या अंदाजात येतात.

तूप तिकडे आहे. ‘बुटरश्माल्त्स’ म्हणजे कढवलेले लोणी, म्हणजेच तूप, आणि ते प्रत्येक सुपरमार्केटमध्ये असते. मात्र नुसते ‘श्माल्त्स’ किंवा ‘श्वाइनेश्माल्त्स’ लिहिलेले असेल तर ती डुकराची चरबी. दोन्ही एकाच थंड फळीवर शेजारी असू शकतात, म्हणून ‘बुटर’ हा शब्द पाहूनच उचलावे. तुपाचे आणखी एक कारणही आम्ही सांगून ठेवतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, आणि तूप, खवा, पेढे हे सगळे त्यात येते. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. तेव्हा अम्मीने प्रेमाने बांधलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागण्यापेक्षा तो घरीच ठेवलेला बरा.

मग घरून पाठवावे काय? आमच्या मते चारच गोष्टी. घरचा भाजलेला मसाला पाव किलो, काळी मोहरी शंभर ग्रॅम, हिंगाची छोटी डबी आणि कोकम. या वस्तू वजनाला हलक्या आहेत, वर्षभर टिकतात आणि साध्या सुपरमार्केटमध्ये मिळत नाहीत. बाकी सगळे तिकडचे.

दहा जणांचे स्वयंपाकघर

आखेनच्या त्या वसतिगृहात आठ मुला-मुलींना मिळून एक स्वयंपाकघर आहे. प्रत्येकाला एक छोटे कपाट आणि फ्रिजमधला एक कप्पा. भांडी सगळ्यांची आहेत, पण त्यांत कोणी काय शिजवले असेल हे सांगता येत नाही. आपल्या मुलांनी सुरुवातीलाच पाच वस्तू स्वतःच्या घ्याव्यात. तीन लिटरचे झाकणाचे पातेले, पसरट तवा किंवा फ्राइंग पॅन, सुरी, कापायची फळी आणि भांडी घासायचा स्पंज. शेवटची वस्तू बहुतेक जण विसरतात. वेगळे पातेले घेऊन ते सामायिक स्पंजने घासले तर वेगळ्या पातेल्याचा अर्थ उरत नाही. या वस्तू वापरून झाल्या की खोलीत न्याव्यात. कपाटात ठेवल्या तर कोणीतरी चांगल्या मनाने वापरतो आणि वाद होतो.

संध्याकाळी सहा ते आठ हा गर्दीचा वेळ. त्या वेळी चाळीस मिनिटे कांदा परतत उभे राहणे शक्य नसते आणि शोभतही नाही. म्हणूनच रविवारी सकाळी, बाकीचे झोपलेले असताना, आठवड्याचा कांदा-टोमॅटोचा मसाला करून ठेवायचा आणि एरवी चुलीवर वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. त्या मुलीने हे पहिल्याच महिन्यात ठरवले आणि तिचा स्वयंपाक खऱ्या अर्थाने सुरू झाला. फोडणीच्या वेळी खिडकी उघडावी आणि बोळाकडचे दार लावावे. धूर ओळखणारे यंत्र बहुधा बोळात असते, आणि मिरचीच्या धुराने ते ओरडू लागले की सारा मजला बाहेर येतो.

आता चुलीबद्दल. तिथे गॅस क्वचितच असतो. बहुतेक वसतिगृहांत विजेच्या लोखंडी किंवा काचेच्या प्लेट असतात. गॅस बंद केला की उष्णता तिथल्या तिथे थांबते. वीज बंद केली तरी प्लेट पाच-सात मिनिटे तापलेलीच राहते. आपल्याकडे शिकलेला हात इथे चुकतो. बटण शून्यावर आणूनही लसूण जळतो आणि दूध उतू जाते. उपाय सोपा आहे. आंच कमी करायची तर बटणासोबत पातेलेही बाजूच्या थंड प्लेटवर सरकवायचे. भात शिजत आला की पाच मिनिटे आधीच बटण बंद करायचे, उरलेल्या उष्णतेवर तो मुरतो.

रविवारचा मसाला

एक किलो पिवळे कांदे उभे, पातळ चिरावेत. पॅनमध्ये सूर्यफुलाचे किंवा रेपसीडचे तेल पाच-सहा मोठे चमचे तापवावे. कांदा घालून अर्धा छोटा चमचा मीठ टाकावे, म्हणजे पाणी लवकर सुटते. नऊपर्यंत आकडे असलेल्या चुलीवर आंच सहाच्या आसपास ठेवावी. पहिली पंधरा मिनिटे कांदा नुसता मऊ पडतो आणि काहीच होत नाही असे वाटते. घाईने आंच वाढवू नये. मग तो पिवळा होतो, कडा तांबूस होतात, आणि पस्तीस-चाळीस मिनिटांनी बदामी-तपकिरी होऊन चौथाईपर्यंत आटतो. या शेवटच्या दहा मिनिटांत सतत हलवावे लागते. तळाला चिकटू लागला तर दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून घ्यावे, तो रंग वाया जाऊ देऊ नये.

आता एक मोठी लसणाची गड्डी आणि अंगठ्याएवढे दोन तुकडे आले बारीक किसून घालावे. मिक्सर लागत नाही, साधी किसणी पुरते. कच्चा वास जाईपर्यंत दोन मिनिटे परतावे. मग ‘पासियर्टे टोमाटेन’, म्हणजे गाळलेला टोमॅटोचा रस, अर्ध्या किलोचे एक खोके ओतावे. आधी टोमॅटो आणि नंतर कोरडे मसाले हा क्रम मुद्दाम सांगतो आहोत. पाप्रिकाची पूड गरम तेलात थेट पडली तर काही सेकंदांत करपते आणि सगळे कडू होते. टोमॅटो ओतल्यावर धणेपूड दोन मोठे चमचे, जिरेपूड एक चमचा, हळद अर्धा चमचा आणि मिसळलेले तिखट दोन-तीन चमचे घालावे. मध्यम आंचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजवावे. चमच्याने मध्ये रेघ ओढली तर ती क्षणभर उघडी राहते आणि कडेला तेल दिसते, तेव्हा मसाला झाला. तेल सुटले नसेल तर तो कच्चाच आहे, मग आठवडाभराचे सगळे जेवण कच्चट लागेल.

थंड झाल्यावर निम्मा डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा, तो तीन-चार दिवस चांगला राहतो. उरलेला जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून हाताने चपटा करावा आणि बर्फाच्या कप्प्यात आडवा ठेवावा. गोठला की चॉकलेटच्या वडीसारखा हवा तेवढा तुकडा मोडता येतो. सामायिक फ्रिजमध्ये उभ्या डब्याला जागा मिळत नाही, चपट्या पिशवीला मिळते. तिच्यावर नाव आणि तारीख लिहावी.

सोमवारची खट्टी डाळ

दोन वेळांसाठी दीडशे ग्रॅम रोटे लिन्झेन धुऊन घ्यावी. पातेल्यात सहाशे मिलिलिटर पाणी, पाव चमचा हळद आणि डाळ घालावी. या डाळीला फेस फार येतो, आणि काचेच्या चुलीवर तो सांडला की जळकट वास सगळ्या मजल्यावर पसरतो. म्हणून पातेले अर्धेच भरलेले असावे आणि झाकण तिरपे ठेवावे. पंधरा मिनिटांत डाळ आपोआप मोडते, घोटावी लागत नाही. आता मीठ आणि रविवारच्या मसाल्याचे दोन मोठे चमचे भरून घालावेत आणि आणखी आठ-दहा मिनिटे उकळू द्यावे.

खोक्यातला टोमॅटो आपल्या गावठी टोमॅटोपेक्षा गोडसर असतो. त्यामुळे मीठ-तिखट सगळे बरोबर असूनही डाळ सपक लागते, आणि मुलांना वाटते की मसालाच कमी पडला. मग ती मसाला वाढवत जातात आणि डाळ जड होते. कमतरता असते ती आंबटाची. चार कोकमे उकळताना घालावीत, किंवा पातेले उतरवल्यावर अर्धे लिंबू पिळावे. लिंबू उकळत्या डाळीत पिळले तर त्याचा ताजा वास उडतो.

शेवटी फोडणी. छोट्या भांड्यात एक चमचा बुटरश्माल्त्स, त्यात मोहरी, ती तडतडल्यावर जिरे, ठेचलेल्या तीन लसूण पाकळ्या, चिमूटभर हिंग. लसूण फिकट सोनेरी दिसला की लगेच उचलून डाळीवर ओतावे. तो तपकिरी होण्याची वाट पाहू नये. गरम भांड्यात तो पुढे आपोआप रंग धरतो. ओतताच झाकण लावून दोन मिनिटे थांबले, की वास डाळीत उतरतो. त्या मुलीच्या म्हणण्याप्रमाणे, झाकण काढल्यावर येणारा हा वास म्हणजे तिच्यासाठी अर्धे चिपळूण.

भातासाठी साधा लांब तांदूळ किंवा बासमती मिळतो. ‘मिल्शराइस’ हा गोल, चिकट तांदूळ जर्मन लोक दुधात शिजवतात. कोकणातल्यांना मऊ भात हवा असेल, किंवा आजारपणात मसुरीची पातळ खिचडी करायची असेल, तर हाच तांदूळ कामाला येतो. बिर्याणी-पुलावाला तो चालत नाही, लगदा होतो.

उरलेल्या भाताबद्दल एक काळजीची गोष्ट. तांदळात राहणारे काही जंतू उकळूनही मरत नाहीत, आणि भात उबदार जागी तासन् तास राहिला तर ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून रात्री पातेले चुलीवर तसेच ठेवून झोपू नये. उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच चांगला वाफाळून खावा.

शुक्रवारचे मासळीचे सालन

हलाल मटण-चिकन साध्या सुपरमार्केटमध्ये सहसा मिळत नाही. त्यासाठी तुर्की किंवा अरब दुकानात जावे लागते, आणि ते महागही पडते. त्या मुलीने ते महिन्यातून एकदा आणायचे ठरवले आहे. एरवी तिची भूक डाळ, अंडी आणि गोठवलेल्या मासळीवर भागते. गोठवलेल्या मासळीत ‘झेलाक्स’ नावाचे बिनकाट्याचे पांढरे तुकडे सर्वांत स्वस्त असतात. घेताना पीठ लावलेले किंवा सॉस भरलेले नव्हे, नुसते मासे घ्यावेत. त्यांची चव फिकी असते, सुरमईशी तुलना नको, पण सालनात ते चांगले लागतात.

दोन वेळांसाठी चार तुकडे आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वाटीत काढून ठेवावेत. सकाळपर्यंत पाणी सुटते, ते फेकून तुकडे कागदाने टिपून घ्यावेत. हे टिपणे टाळले तर सालन पाणचट होते आणि मासा भुसभुशीत पडतो. मग मीठ, हळद, थोडे तिखट लावून पंधरा मिनिटे ठेवावे.

पातेल्यात रविवारच्या मसाल्याचे तीन चमचे गरम करावेत, घरचा मसाला एक चमचा घालून मिनिटभर परतावा. वाटीभर पाणी आणि चार-पाच कोकमे घालून पाच मिनिटे उकळू द्यावे. मग ‘कोकोसमिल्श’च्या चारशे मिलिलिटरच्या डब्यातले अर्धे नारळाचे दूध घालावे. डबा उघडण्यापूर्वी चांगला हलवावा, नाही तर वर घट्ट साय आणि खाली पाणी असे वेगळे राहते. दूध घातल्यावर खळखळ उकळू देऊ नये, फक्त कडेला बुडबुडे येऊ द्यावेत. त्यात मासे एकेक अलगद सोडावेत आणि पाच-सहा मिनिटे तसेच राहू द्यावेत. चमचा घालू नये, पातेले दोन्ही हातांनी धरून गोल हलवावे. माशाचा काचेसारखा रंग जाऊन तो पांढरा झाला आणि बोटाने दाबता पाकळ्या सुटू लागल्या की झाला. कोकम नसेल तर लिंबू अगदी शेवटी, चुलीवरून उतरवल्यावर पिळावे. उकळत्या नारळाच्या दुधात पिळले तर ते फाटते. उरलेले नारळाचे दूध पत्र्याच्या डब्यात ठेवू नये, काचेच्या बरणीत काढून दोन-तीन दिवसांत संपवावे.

चपातीचे काय?

जर्मन गव्हाच्या पिठावर आकडे असतात. ‘टाइप ४०५’ म्हणजे मैद्यासारखे पांढरे, ५५० थोडे गडद, १०५० बरेच भुरके. आकडा जितका मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त. ‘फोलकॉर्न’ म्हणजे सगळ्या कोंड्यासकट, पण त्यातला कोंडा जाडा असतो आणि नुसत्या त्याच पिठाची चपाती कडेला फाटते. निम्मे फोलकॉर्न आणि निम्मे ५५० घेऊन कोमट पाण्याने मऊ भिजवावे, एक चमचा तेल लावून अर्धा तास झाकून ठेवावे. या अर्ध्या तासात कोंडा पाणी पितो आणि चपाती लाटता येते. लाटणे नसेल तर काचेची गोल बाटली चालते. विस्तव नसल्यामुळे फुलका फुगवता येत नाही. तवा नीट तापवून, चपाती दोनदा उलटून, दुसऱ्या बाजूला घडी केलेल्या स्वच्छ फडक्याने कडेकडेने दाबली की ती फुगते. तवा कमी तापलेला असेल तर ती पापडासारखी वाळते. सामायिक स्वयंपाकघरात हे रोज जमणारे काम नाही. शनिवारी एकदाच आठ-दहा करून, मध्ये कागद घालून गोठवाव्यात, आणि खायच्या वेळी तव्यावर गरम कराव्यात.

ईदच्या सकाळी

ईदला घरापासून लांब असलेल्या मुलांना शीरखुर्म्याची आठवण सर्वांत जास्त होते. शेवयांच्या जागी तिथे सुपात घालायच्या बारीक ‘फाडेननूडेल्न’ मिळतात. काहींत अंडे असते, त्यांवर ‘आय’ किंवा ‘आयर’ लिहिलेले असते. त्यांना दुधात अंड्याचा वास येतो, म्हणून बिनअंड्याच्या, नुसत्या रव्याच्या घ्याव्यात. त्या आपल्या शेवयांपेक्षा जाड असतात. शंभर ग्रॅम शेवया हाताने मोडून दोन चमचे बुटरश्माल्त्सवर मंद आंचेवर चांगल्या तांबूस होईपर्यंत भाजाव्यात. फिकट राहिल्या तर दुधात लगदा होतो. एक लिटर सायीसकटचे दूध वेगळे उकळून त्यात त्या घालाव्यात, आणि दहा-बारा मिनिटे शिजल्यावर साखर घालावी. खजूर, बदाम, मनुका सगळीकडे मिळतात. खजूर उतरवल्यावर घालावेत. जितका शीरखुर्मा घट्ट हवा त्यापेक्षा तो थोडा पातळ असतानाच उतरवावा. या जाड शेवया तासाभरात निम्मे दूध पिऊन टाकतात.

त्या मुलीने गेल्या ईदला दीडपट प्रमाणात शीरखुर्मा केला आणि स्वयंपाकघरातल्या बाकी सात जणांना एकेक वाटी दिली. तेव्हापासून रविवारी सकाळी तिचा कांदा परतला जात असताना कोणी कुरकुर करत नाही, उलट एक-दोघे कांदा चिरायला येतात. आपली मुले जायच्या तयारीत असतील, तर बॅग भरण्यापूर्वीच्या चार रविवारी त्यांच्याकडून हा मसाला घरी एकदा करून घ्या. कांदा बदामी कधी झाला आणि तेल कधी सुटले, हे फोनवर सांगून कळत नाही. ते अम्मीच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.